उलट तर्जुम्यातली दुरुस्ती

माझं इंग्रजी चांगलं होतं, आणि त्याचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्या माजामुळेच झालं. मॅट्रिकला इंग्रजीत आमच्या रनाळ्यात माझ्याइतके गुण कुणाला नव्हते. नंदुरबारला एका वकिलांकडे कारकून म्हणून लागलो तेव्हा घरी आई शेजारणींना आपल्या मुलाबद्दल अहिराणीत सांगायची, "मन्हा आंडोर इंग्रजीमा लिखस." मीही ते ऐकत दारात जरा जास्तच वेळ चपला शोधत राहायचो.

साठच्या आसपासची गोष्ट. तापीवर मुंबईच्या एका कंपनीचं पुलाचं काम चाललं होतं. नदीपात्रात खांब उभारायचे तर आधी गोल विहिरी वाळूत खाली खाली उतरवत न्यायच्या. वरून बांधकाम चढवायचं, आतून वाळू काढायची, की विहीर आपल्या वजनाने खाली सरकते. तळाशी एखादा धोंडा किंवा लाकडाचा ओंडका अडकला तर पाणबुड्या आत उतरून तो मोकळा करतो. हे काम करणारी टोळी उत्तरेकडची होती. त्यांचा जमादार पन्नाशीचा, वाळकुडा, कमी बोलणारा माणूस. हिंदी छान वाचायचा. इंग्रजी त्याला काळं का गोरं माहीत नव्हतं.

तो एके दिवशी दोन कागद घेऊन आमच्याकडे आला. टोळीशी करायच्या कराराचा पूर्ण मसुदा इंग्रजीत, चाळीसेक पानांचा. कंपनीने त्याचा दोन पानी इंग्रजी गोषवारा केला होता आणि तो जमादाराला समजावा म्हणून तिथल्याच कारकुनाने त्याचं हिंदी केलं होतं. तो गोषवारा आणि ते हिंदी, असे हे दोन कागद. सही इंग्रजीवर व्हायची होती.

"वकील साहब, मैं तो हिंदी वाला पढ़कर अंगूठा नहीं, दस्तखत करूँगा," जमादार म्हणाला. "बस इतना देख लीजिए कि दोनों में बात एक ही है।"

वकीलसाहेबांची अशा कामाची एक पद्धत होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे नाहीत, असा त्यांचा दंडक. म्हणायचे, "शेजारी ठेवून वाचलं की डोळे इमानदार राहत नाहीत. एका कागदात नसलेलं ते दुसऱ्यातून उसनं घेतात." म्हणून हिंदी कागद अशा माणसाला द्यायचा ज्याने इंग्रजी पाहिलेलं नाही. त्याने त्या हिंदीचं परत इंग्रजी करायचं. मग साहेब ते इंग्रजी आणि मूळ इंग्रजी घेऊन बसत, कलमामागून कलम. मुळात असून परत न आलेलं असेल तिथे मुळावर लाल पेन्सिल. मुळात नसून नव्याने उगवलेलं असेल तिथे माझ्या कागदावर निळी. शब्द वेगळे पण अर्थ तोच असेल तर खूण नाही. दोन माणसं एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगणारच, त्याला साहेब हसून सोडून देत.

हा उलटा तर्जुमा करणारा माणूस म्हणजे मी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "हिंदी लंगडी असली तर तुझी इंग्रजीही लंगडीच आली पाहिजे. दुरुस्त करायला बसू नकोस. अपुरं वाक्य असेल तर अपुरंच लिही. तू शहाणपणा केलास की मी आंधळा होतो."

मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

जमादाराशी बोलून साहेब घाईने कोर्टात गेले आणि इंग्रजी गोषवारा टेबलावरच राहिला. तो मी उचलला. साहेबांच्या खणात घडी घालून ठेवायचा होता. पण मुंबईच्या कंपनीचं टाइप केलेलं इंग्रजी म्हणजे माझ्यासाठी लग्नातली बुंदी. हात गेलाच. दोन्ही पानं मी उभ्या उभ्या वाचली, एक वाक्य तर घोळवून दोनदा वाचलं. मग ठेवून दिली.

संध्याकाळी साहेबांनी हिंदी कागद माझ्यापुढे सरकवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "इंग्रजी पाहिलं नाहीस ना?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी ते काम पोस्टातल्या एका पेन्शनर गृहस्थांकडे पाठवलं असतं. ते गृहस्थ इंग्रजीत माझ्याहून कच्चे. मला तेच सहन झालं नसतं.

मी लिहायला बसलो आणि झरझर लिहून काढलं. मजा अशी की त्या दिवशी साहेबांची पेन्सिल कामाला आलीसुद्धा. हिंदीत एका ठिकाणी टोळी "हर हाल में" ठरल्या मुदतीत काम पुरं करील असं होतं. ते मी जसंच्या तसं इंग्रजीत आणलं. मुळात तसा शब्द नव्हता, मुळात नदीला पूर आला तर मुदत वाढेल असं होतं. साहेबांनी त्या शब्दावर निळी आणि पुराच्या सवलतीवर लाल खूण केली, लगेच कंपनीच्या माणसाला बोलावून तो शब्द हिंदीतून काढायला लावला आणि पुराची सवलत घालून घेतली. जमादाराने हात जोडले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, भजी मागवली. मी ती मिटक्या मारत खाल्ली.

विहिरीत उतरण्याच्या कलमावर एकही खूण झाली नाही.

त्या कलमात मूळ इंग्रजी असं होतं की नदीचं पाणी खांबावरच्या पांढऱ्या खुणेच्या वर असेल तर कोणालाही विहिरीत उतरवायचं नाही, आणि उतरवायचंच झालं तर इंजिनिअर आणि जमादार दोघांचीही संमती हवी. हिंदीत फक्त "इंजीनियर साहब की अनुमति" होती. जमादार गळला होता. मुद्दाम गाळला की चुकून गळला, ते त्या कारकुनालाच ठाऊक. पण मी लिहिताना ती दोन माणसं लिहिली. मला जाणवलंही नाही. हिंदी वाक्य वाचत होतो आणि डोक्यात ते घोळवलेलं इंग्रजी वाक्य वाजत होतं. साहेबांनी ताडून पाहिलं तर दोन्हीकडे दोघं. बरोबर.

पुढच्या ज्येष्ठात काम संपत आलं असताना वर कुठेतरी पाऊस झाला. आमच्याकडे आभाळ कोरडं होतं, पण तापी चढली. खुणेच्या वर हातभर गेली. शेवटच्या विहिरीच्या तळाशी ओंडका अडकला होता आणि पूर वाढायच्या आत विहीर टेकवायची इंजिनिअरला घाई होती. बाहेर नदी चढली आणि विहिरीतलं पाणी खाली राहिलं की बाहेरचा दाब तळातून वाळू आत ढकलतो. हे त्या टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच तर ती पांढरी खूण. त्याने माणूस उतरवायला सांगितलं. जमादाराने आपल्या सख्ख्या भाच्याला उतरवलं, कारण तो सगळ्यांत तरबेज होता.

बातमी पुलावरच्या रखवालदाराने आणली. आमच्याच गावचा होता. ऑफिसच्या पायरीवर बसून म्हणाला, "जमादारना भाचा गया. रेती उसळनी, पोऱ्या वर उनाच नही." साहेबांनी त्याला पाणी द्यायला सांगितलं. मी पाणी आणायला गेलो आणि माठापाशी उभा असताना मला ते कलम आठवलं. दोघं. हिंदीत दोघं होते का?

आमच्याकडची प्रत काढून पाहिली. नव्हते.

चार दिवस मी हे साहेबांना सांगितलं नाही. जेवण जात नव्हतं. आई विचारायची, "काय व्हयनं तुले?" मी म्हणायचो, ऊन लागलं. पाचव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. त्यात होतं, की कराराप्रमाणे नकार देण्याचा पूर्ण अधिकार जमादाराला होता. त्याने नकार दिला नाही, म्हणजे संमती दिली. घडलं त्याची जबाबदारी त्याची आहे.

साहेबांनी मूळ गोषवारा काढला, माझा उलटा तर्जुमा काढला, मग हिंदी कागद काढला. तिन्ही टेबलावर मांडले आणि ते कलम तिन्हींत बोट ठेवून वाचलं. नंतर हिंदी कागद माझ्याकडे दिला. "हे एवढं एक वाक्य परत इंग्रजीत लिही."

मी लिहिलं. या खेपेला एकच माणूस आला. लंगडं, अपुरं, खरं वाक्य.

"तू इंग्रजी वाचलं होतंस," ते म्हणाले.

"हो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त लाल पेन्सिल उचलली, "आणि जमादार" या शब्दांखाली रेघ ओढली आणि पेन्सिल ठेवून दिली. सात महिने उशिरा.

दुपारी जमादार आला. पत्रात काय आहे ते त्याला सांगणं भाग होतं. साहेबांनी ते सावकाश हिंदीत सांगितलं. हिंदी कागद दाखवून कंपनीशी भांडता येईल, असंही सांगितलं. जमादाराने ते ऐकलंच नसावं. तो पहिल्या वाक्यावरच थांबला होता.

"मतलब मैं मना कर सकता था?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

"इंजीनियर साहब ने कहा उतारो, तो मैंने कागज़ निकालकर देखा था," जमादार म्हणाला. "उसमें साहब की अनुमति लिखी थी। मेरा मन नहीं था। पर मैंने सोचा, मेरे हाथ में नहीं है।"

मग मी बोललो. चूक कंपनीच्या कारकुनाची असेल, पण ती पकडायचं काम माझं होतं, आणि मी ती झाकली, हे मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. त्याने शिवी द्यावी असं मला वाटत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण जणू मी दूरच्या काठावर उभा होतो.

"बाबूजी, उसकी माँ आपको नहीं जानती," तो म्हणाला. "वह मेरी बहन है।"

उठताना तो दारापाशी थबकला आणि साहेबांना विचारू लागला, पोस्टात टाकलेलं पत्र परत मिळवता येतं का. साहेब म्हणाले, कधी टाकलं त्यावर आहे. तो म्हणाला, परवा. त्यात त्याने बहिणीला लिहिलं होतं की नकार देणं त्याच्या हातात नव्हतं.