पावणेदोन गुंठ्यांची चिरफळी

मराठी कवितेत एम.ए. केलेल्या मुलीने संगणकावर शेतांचे बांध गिरवत बसावे, यात कुणालाच काही विसंगत वाटले नाही. घरच्यांना तर हायसेच वाटले. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षे. कसबा बावड्याच्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आमचे कार्यालय होते. खालून गंजलेल्या खिळ्यांचा वास यायचा, गळीत सुरू झाले की कारखान्याकडून मळीचा आंबूस दर्प यायचा आणि खोलीत जुन्या नकाशांच्या कागदाचा, ओल्या बारदानासारखा वास कायम भरलेला असे. आमचे साहेब या सगळ्याला 'हायटेक वातावरण' म्हणत.

काम एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे होते. नदीवरून पाणी उपसून ते माळापर्यंत न्यायचे आणि ज्यांची शेते योजनेच्या लाभक्षेत्रात येतात त्यांची यादी गावच्या चावडीवर लावायची. यादीत ज्याच्या शेताचा नंबर असेल त्याला पाण्याची पाळी मिळणार, नसेल त्याला नाही. हे सारे आमच्या माडीवर ठरत होते.

पद्धत अशी. फाळणीच्या, म्हणजे शेतांच्या वाटण्या दाखवणाऱ्या सरकारी नकाशांवरून एकेक शेत माउसने गिरवायचे. मग एका खातेदाराची शेजारशेजारची शेते विरघळवून त्यांचा एकच आकार करायचा. शेवटी त्यावर लाभक्षेत्राची सीमा ठेवून, जे आत पडेल ते कापून घ्यायचे. ऐकायला हे अंगाईइतके सोपे. पण आकार शुद्ध नसतील, तर विरघळवताना संगणक एक तर अडून बसतो किंवा, जे अधिक भयंकर, न अडता चुकीचे उत्तर देतो.

अशुद्धीचे प्रकार मला वृत्तदोषांसारखे पाठ झाले होते. कुणी कोपरे चुकीच्या क्रमाने टिपले की शेताची हद्द स्वतःलाच छेदून जाई आणि शेताचा डमरू होई. मग डमरूच्या एका पोटाचे क्षेत्रफळ दुसऱ्यातून वजा होऊन दोन एकरांचे रान पाच गुंठ्यांवर येई. दोन शेतांमधला एकच बांध दोनदा गिरवला जाई, आणि हात काही दोनदा सारखा थरथरत नाही. त्यामुळे दोन रेषांच्या मध्ये कुठे कुणाचीच नसलेली बारीक फट उरे, कुठे दोघांचीही असलेली पट्टी. पुस्तकात त्यांना स्लिव्हर म्हणत. आम्ही चिरफळ्या म्हणत असू. त्या गावात आम्ही मिळून साडेसातशे चिरफळ्या निर्माण केल्या होत्या. ब्रह्मदेवालाही इतकी फुकट जमीन काढता आली नसती.

"किती दिवस लागतील साफ करायला?" साहेबांनी विचारले.

"एकेक बघून करायचं तर आठ दिवस."

"मॅडम, ही कविता नाही. दोन गुंठ्यांखालचं जे काही आहे ते एका बटणात शेजारच्यात जिरवा. उद्या संस्थेत प्रात्यक्षिक आहे."

असे बटण खरोखरच होते. ठरवलेल्या मापापेक्षा लहान तुकडा ते शोधी आणि ज्या शेजाऱ्याबरोबर त्याची हद्द सर्वांत लांब असेल, त्याच्या शेतात तो मिसळून टाकी. हवे तर सर्वांत मोठ्या शेजाऱ्याला देण्याचीही सोय होती. परदेशात कुठे तरी बसून ज्याने हे लिहिले, त्याला आमचा तालुका इतका नेमका कसा कळला होता, याचे मला तेव्हाही नवल वाटले. तरी मी ते बटण दाबले. पडदा क्षणभर थरथरला आणि साडेसातशे चिरफळ्या नाहीशा झाल्या. नकाशा धुतलेल्या ताटासारखा लखलखीत दिसू लागला. मला तो सुंदर वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

यादी चावडीवर लागली. हरकतींना आठ दिवस होते. सहाव्या दिवशी माडीचा लोखंडी जिना खणखणला आणि एक साठीच्या बाई दारात उभ्या राहिल्या. काष्ट्याचे लुगडे, हातात खताच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा, अंगाला ओल्या वैरणीचा वास.

"पाण्याची यादी करणारं हितंच न्हवं? माझं रान कुठं हाय त्यात?"

साहेबांनी खुर्ची न सोडता सांगितले, "मावशी, हे काम कॉम्प्युटरनं केलंय. त्यात चूक होत नसते."

"व्हय? मग तुमच्या कॉम्पुटरला म्हणावं, एकदा येऊन बघ की. चाळीस वर्सं म्या त्यात घास कापतोय, तो काय हवेत उगवतोय?"

मी सातबारा घेतला. सासऱ्याच्या वाटणीत भावाभावांनी उभे तुकडे पाडलेले; यांच्या वाट्याला बारा फूट रुंद आणि एकशे साठ फूट लांब पट्टी. पावणेदोन गुंठे. एका बाजूला दिराचे थोडेसे रान, दुसऱ्या बाजूला संस्थेतल्याच एका बड्या बागायतदाराचा ऊस, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी मूळ नकाशा उघडला. तो मी पुसला नव्हता. शिस्तीने नव्हे, आळसाने. पट्टी तिथे होती, सरळ, नीटस, आत स्वतःचा नंबर घेऊन. बटण दाबल्यानंतरच्या नकाशात तिथे बागायतदाराचा ऊस होता. बारीक दिसली म्हणून मी तिला चिरफळी समजले होते. खरे तर समजले नव्हतेच, बघितलेच नव्हते.

"मावशी, चूक माझी आहे. तुमची पट्टी शेजाऱ्याच्या शेतात गेली."

"बांध कोरून कोरून त्याचा बा मेला, त्याला घावली न्हाय," त्या म्हणाल्या. "तू बसल्या जागी दिलीस व्हय गं!"

साहेबांनी मला बाजूला घेतले. त्यांचे म्हणणे, यादी एकदा लागली की लागली. एक नंबर हलवला तर लोक सगळ्याच यादीवर शंका घेतील. शंका घ्यायला जागा आहेच, असे मी म्हटल्यावर त्यांनी बागायतदारांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पावणेदोन गुंठ्यानं काय हुतंय? ऱ्हाऊ द्या की तसंच."

"काय होत नाही ना?" मी साहेबांना म्हटले. "मग परत दिल्यानंही काही होणार नाही. आणि मूळ नकाशा माझ्याकडे आहे. हरकत आली तर तो दाखवावाच लागेल."

साहेबांनी फोन ठेवला आणि मला दोन दिवस दिले, उपकार केल्याच्या चेहऱ्याने.

दोन दिवसांत मी तेच काम उलट्या टोकाने केले. मापाने नव्हे, नंबराने. खऱ्या शेताच्या आत एकच नंबर असतो आणि तो गावच्या दप्तरात सापडतो. फटीला नंबरच नसतो, दुहेरी पट्टीला दोन असतात. आधी डमरू सोडवले. मग बिननंबरी फटी तेवढ्या शेजाऱ्यांत जिरवल्या आणि दोन नंबरांच्या पट्ट्यांपैकी प्रत्येकीसाठी फाळणीचा नकाशा काढून बांधाची एकच रेष ठेवली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होई. विरघळवण्याचे काम त्यानंतरच केले. मावशींची पट्टी परतली, आणि तिच्यामागोमाग आणखी नऊ. ती नऊ माणसे हरकत घ्यायला आली नव्हती. कदाचित त्यांना कुणी सांगितलेच असेल, की कॉम्प्युटर चुकत नाही.

आठव्या दिवशी दुरुस्त यादी लागायच्या आधी मावशी पुन्हा जिना चढल्या. मी पडद्यावर त्यांची पट्टी रंगवून दाखवली. त्यांनी काचेवर बोट ठेवले आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवले. काचेवर मातीची एक पुसट रेघ उमटली.

"पाळी मिळंल न्हवं?"

"मिळेल. नंबर यादीत आहे."

"आन् मोठीबिठी केली न्हाईस न्हवं? न्हाईतर त्यो भांडायला यायचा."

मी सातबारा शेजारी धरून ताडून पाहिले. "चौदा चौरस फूट जास्त भरतंय, मावशी. गिरवताना एवढा फरक पडतोच."

त्यांनी माझ्या हातून सातबारा घेऊन खताच्या पिशवीत गुंडाळला.

"असू दे," त्या म्हणाल्या, "म्हशीला हुबं ऱ्हायाला."