फळ्यावरचे सिलिंडर

साताऱ्याची वत्सला ढवळे इंदूरच्या एका छोट्या रुग्णालयात नर्स म्हणून नुकतीच लागली होती. पाळी संपताना पुढच्या नर्ससाठी फळ्यावर निरोप लिहायची तिथे पद्धत होती. ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर तळमजल्यावर ठेवले होते, म्हणून तिने हिंदीत लिहिलं, "सिलेंडर खाली हैं," आणि ती कपडे बदलायला गेली.

परतताना लिफ्टपाशी स्ट्रेचर दिसलं. त्यावर तिच्या वॉर्डातले वयस्कर रुग्ण रामेश्वर चौकसे धापा टाकत होते.

"बाबूजींना कुठे नेताय?" वत्सलाने विचारलं.

"दुसऱ्या हॉस्पिटलात!" पुढच्या पाळीची नर्स मालती रायकवार ओरडली. "यांचा सिलिंडर संपत आलाय, आणि बाकीचे रिकामे आहेत असं तूच लिहिलंस."

हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं, हे वत्सलाला तेव्हा आठवलं.

"रिकामे नाहीत गं! भरलेत, तळमजल्यावर आहेत!"

"मग 'नीचे' लिहायचं ना, बाई!"

दोघी जिन्याने धावल्या. सिलिंडर जोडेपर्यंत चौकशांचे ओठ निळे पडले होते. रंग परतायला बराच वेळ लागला.

"सिस्टर, तुमच्या हिंदीने आज बाबूजींना संपवलंच होतं," त्यांचा मुलगा म्हणाला. कुणी हसलं नाही.

आता वत्सला पुढच्या नर्सला खाली नेऊन सिलिंडर दाखवल्याशिवाय घरी जात नाही.