पाच गाठींचं पाकीट

भोकरदनच्या बाजारात अशी बोलवा होती की बँकेतला अप्पाराव दप्तरी कागद हुंगतो. आधी उजव्या नाकपुडीनं, मग डाव्या, आणि मग सांगतो, "पंद्रा तारीख." हॉटेलात बसून शपथेवर सांगणारे होते. कोणी म्हणायचं, निजामाच्या काळात एका फकिरानं त्याला हा मंतर दिला. एकानं तर असंही सांगितलं की अप्पाराव एकदा वासावरून चुकला, कारण साहेबांनी कागदात भजी गुंडाळून आणली होती.

यातलं भज्यांचं तेवढं खरं. बाकी सगळं खोटं. अप्पारावची नजर कमी होती, आणि चष्मा लावला की कान दुखतात अशी त्याची तक्रार होती, म्हणून तो कागद नाकाला लावूनच वाचायचा. वाचायचा मात्र असा, की साहेब लोकांनी शिकावं.

बँकेत यायच्या आधी अप्पाराव तहसिलीत शिपाई होता. शाळा सातवीपर्यंत, तीही उर्दूतून. तहसिलीत मोठमोठी फर्मानं यायची. तिथल्या बुढ्या पेशकारानं, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणाऱ्या कारकुनानं, त्याला एकच गोष्ट शिकवली होती: "देख बेटा, कागज कितना भी लंबा हो, उसमें तीनच बातें रहती. ताकीद किसको, मुद्दत कब तक, और नहीं किया तो क्या." पुढं बँकेची शाखा निघाली. तिथं परिपत्रकं इंग्रजीतून यायला लागली. अप्पाराव दप्तरी झाला, म्हणजे आलेले कागद लावायचे, भोकं पाडायची, दोऱ्यानं शिवायचे. इंग्रजी येत नव्हतं. पण त्यानं ताडलं की या साहेबांच्या भाषेतही ताकीद आहे आणि मुद्दतही आहे, फक्त पेहराव बदललाय. 'शॅल' आलं की काम करावंच लागतं. 'मे' आलं की मर्जी. 'विदिन' किंवा 'नॉट लेटर दॅन' आलं की कॅलेंडरपाशी जायचं. आठ वर्षांत बाकीचं इंग्रजीही या तीन-चार खुंट्यांना लटकत लटकत आत आलं.

शिवताना त्याची एक तऱ्हा होती. नुसत्या माहितीच्या परिपत्रकाला पांढरा दोरा. ज्यात शाखेला काही करायचंय त्याला लाल दोरा, आणि जितकी कामं तितक्या गाठी. काम झालं की गाठ सोडायची. कपाटाकडं नुसतं बघितलं तरी कळायचं, बँकेच्या अंगावर किती कामं बाकी आहेत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जुलैची तेरा तारीख, गुरुवार. नवे मॅनेजर काकासाहेब साताऱ्याकडचे, बोलणं तुपात बुडवलेलं, त्या संध्याकाळी रजेवर निघणार होते. भाच्याचं लग्न. टेबल आवरता आवरता त्यांनी ड्रॉवरमधला गठ्ठा अप्पारावच्या हातात दिला. "अप्पाराव, हे शिवून ठेवा. यात ते शिपायांच्या बढतीचंही आहे. आपल्या कडूबाचा अर्ज मी चोवीस तारखेला आल्यावर पाठवतो. एकतीसपर्यंत मुदत आहे. काय घाई नाही."

दारात फायलींचा ढीग घेऊन उभ्या असलेल्या कडूबाचं तोंड उजळलं. कडूबा बँकेचा शिपाई. बाहेरून बसून दोन खेपांत मॅट्रिक झाला होता. वय चौतीस, आणि परिपत्रकात पस्तीसची अट होती. ही बढती दोन वर्षांनी एकदा निघायची. म्हणजे कारकुनाच्या परीक्षेला बसायची ही त्याची पहिली आणि शेवटची खेप.

अप्पाराव खाली सतरंजीवर बसला, मांडीवर परिपत्रक घेतलं आणि नाक लावलं. अकरा पानं. पहिल्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात, खाली रेघ ओढून एकतीस जुलै. तो तिथं थांबला नाही. पेशकार म्हणायचा, पहिल्या पानावरची मुद्दत दुसऱ्याची असते.

नवव्या परिच्छेदाशी त्याचं नाक अडकलं. अकराव्याशी परत अडकलं. चौदाव्यापर्यंत जाऊन ते मागं आलं. मग त्यानं उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं, आणि उलटं मोजलं.

"कडूबा," तो म्हणाला, "साहेबाची गाडी कितीची हाय?"

"साडेपाचची. का वो?"

"मंग चहा सांग. जल्दी."

काकासाहेब कातडी बॅगेचा पट्टा आवळत होते. अप्पाराव समोर उभा राहिला, पण कागद पुढं केला नाही. "साहेब, येक इचारू का? एकतीस तारीख कोणाची हाय?"

"कोणाची म्हणजे? अर्जाची. पहिल्याच पानावर लिहिलंय की."

"बराबर. पर अर्ज कुठं पोचायची तारीख?"

काकासाहेब हसले. "अहो अप्पाराव, मी मॅनेजर आहे. कागद मीही वाचलाय."

"वाचला असंल ना साहेब. म्या न्हाई कुठं म्हणून राह्यलो? मला येवढंच सांगा, ह्या नवव्यात काय लिव्हलंय."

काकासाहेबांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. एकतीस तारीख होती प्रादेशिक कार्यालयाची. औरंगाबादच्या कार्यालयानं सगळ्या शाखांचे अर्ज तपासून, यादी करून, मुंबईला पोचते करायचे. शाखेसाठी अकराव्यात वेगळं वाक्य होतं: शाखेनं अर्ज प्रादेशिक कार्यालयात अशा बेतानं पोचते करावेत, की वरच्या तारखेच्या आधी पंधरा दिवस मिळालेले असतील. टपालात टाकलेले नाही, मिळालेले.

"एकतीसमधून पंधरा गेले, सोळा," काकासाहेब म्हणाले. "म्हणजे रविवारपर्यंत. तरी..."

"रविवारी हापिस बंद. चौदावा बघा. सुट्टी आली तर मुद्दत पुढं जात न्हाई, मागं येती. आदल्या कामाच्या दिवसावर."

"शनिवार."

"आन् शनिवारी अर्धा दिवस. टपालानं जमायचं न्हाई, कडूबानंच उद्या न्यावं."

काकासाहेब खुर्चीत बसले. कडूबा हातात चहाची किटली घेऊन तसाच उभा, आणि चहा कपात नाही, बशीत ओतला जात होता.

"चोवीसला पाठवला असता तर?" काकासाहेबांनी विचारलं.

"तर अठरावा लागला असता. उशिराचे अर्ज कारण न सांगता दप्तरी दाखल. न्हाई केलं तर काय, ते बी लिव्हलंय साहेब. हे लोक ते लिव्हल्याबगर राहत न्हाईत."

मग कामाला लागले. अप्पाराव वाचत गेला आणि काकासाहेब करत गेले. अर्ज दोन प्रतींत. मॅनेजरची शिफारस स्वतःच्या हातानं लिहून, बंद लखोट्यात. टाइप केलेली चालणार नाही. सेवापुस्तकाचा उतारा, मॅनेजरच्या सहीशिक्क्यानिशी. विभागात कुठंही बदली झाली तरी जाईन, असं कडूबाचं लेखी. काकासाहेबांना सही करताना घाम आला होता, पण अक्षर मोत्यासारखं काढलं. मधेच म्हणाले, "इथं काय म्हटलंय, अर्जदार नसला तरी निरंक पत्र पाठवा?"

"व्हय. न्हाई म्हणायला बी मुद्दत असती साहेब."

काकासाहेब मोठ्यानं हसले, आणि खोलीतला ताण सुटला. साडेपाचची गाडी गेली. ते सातच्या गाडीनं गेले, आणि जाताना अप्पारावला म्हणाले, "ह्या तारखा पहिल्या पानावर एके ठिकाणी लिहायला काय होतं या लोकांना?"

"मंग दप्तरी कशाला ठेवला असता वो?"

पाकिटाला अप्पारावनं लाल दोरा गुंडाळला. पाच गाठी. दिवेलागणीला कडूबा त्याच्या ओसरीवर आला तेव्हा एकेक गाठ धरून त्यानं पाठ करून घेतलं. शेजारचं एक दहावीतलं पोरगं तिथं बसलं होतं. गावातल्या सगळ्यांच्या नकला करणारं, अप्पारावच्या कागद हुंगण्याची तर फारच नामी. ते म्हणालं, "काका, औरंगाबादचा बाबू कायतरी खोट काढतोच. कडूबाभाऊ पाकीट घेऊन वापस येतेत का न्हाई बघा."

"लावतो पैज?"

"लावतो. म्या जिकलो तर चौकात, समद्यांसमोर, तुमी कागद हुंगून दाखवायचा."

"आन् म्या जिकलो तर दिवाळीपस्तोर माही नक्कल बंद. या तोंडातून माहा आवाज येता कामा न्हाई."

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं कडूबा गेला. अप्पाराव दिवसभर बँकेत होता, पण त्यानं एका दिवसात एकच फाईल शिवली, तीही उलटी. गिऱ्हाइकानं विचारलं, "अप्पाराव, तब्येत बराबर न्हाई का?" तर म्हणाला, "तब्येत औरंगाबादला गेली हाय."

चार वाजता कडूबा बँकेच्या पायऱ्या चढला. मुद्दाम तोंड पाडून. अप्पारावनं कागद नाकाला लावतात तसं त्याचं तोंड जवळून बघितलं.

"सांग."

"आवकचा बाबू व्हता. चष्म्यातून माह्याकडं असं पाह्यलं, जसा म्या उधारी मागायला आल्तो. म्हणे, 'अर्ज एकच?' म्या म्हणलं, 'दोन प्रती.' पयली गाठ सोडली. म्हणे, 'शिफारस टाइप केली असेल.' म्हणलं, 'हातची हाय, लखोटा बंद.' दुसरी सोडली. मंग सेवापुस्तक. मंग तो जरा नाराज झाला. म्हणे, 'बदलीचं लिहून दिलेलं नसेलच, कोणीच आणत नाही.' म्या चवथी सोडली."

"आन् पाचवी?"

"पाचवीचं त्यानं इचारलंच न्हाई. पाकीट टोपलीत टाकलं आन् म्हणाला, 'जा.'"

पाचवी गाठ सगळ्यात मोठी होती. परिच्छेद सतरा: शाखेनं पोच घेऊन जपून ठेवावी. पोच नसेल तर पाकीट कधी मिळालं, यावर कार्यालयाचाच शब्द.

"मंग तू आलास?"

"येईन कसा? दोरा काढून बोटाला गुंडाळलेला व्हता ना. म्या तिथंच उभा. तो म्हणाला, 'आता काय?' म्या म्हणलं, 'साहेब, येक गाठ राह्यली.'" कडूबानं खिशातून घडी काढली. प्रादेशिक कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक, चौदा जुलै, आणि बाबूची सही, जरा रागानं ओढलेली.

अप्पारावनं ती पोच नाकाला लावली. डावीकडून उजवीकडं, वरून खाली, दोनदा. कडूबानं दोरा पुढं केला, आणि पाचवी गाठ अप्पारावनं स्वतः सोडली.

ऑगस्टच्या शेवटी परीक्षेचं बोलावणं आलं. कडूबा आता दुपारच्या सुट्टीत व्याजाची गणितं सोडवतो, आणि त्याची बायको तुळजाबाई अप्पारावच्या घरी आठवड्याला ज्वारीच्या पापड्या पाठवते. काकासाहेब आलेलं प्रत्येक परिपत्रक आधी खाली सतरंजीवर धाडतात, आणि कपाटातल्या लाल दोऱ्यांना हल्ली फार दिवस गाठी राहत नाहीत.

शेजारचं पोरगं पैज हरलं. दिवाळीपर्यंत त्याच्या तोंडातून अप्पारावचा आवाज निघायचा नाही असं ठरलंय, आणि शब्द म्हणजे शब्द. पण अप्पारावच्या रीतीनं त्यानं ही अट नीट वाचली. अट तोंडाची आहे, हाताबद्दल त्यात अक्षर नाही. म्हणून त्यानं हे सगळं लिहून काढलंय.