इंदुमतीबाईंचं सरळ इंग्रजी

अवघड इंग्रजी लिहिता येणं ही धारवाडात एके काळी मोठी मिजास होती. मळमड्डीतल्या इंदुमतीबाई त्या मिजाशीतच वाढल्या. वडील कोर्टात शिरस्तेदार. त्यांच्या अर्जातल्या एका वाक्यात शिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचा, आणि पडला की त्यांना नमस्कार करायचा. मुलीनं बी.ए.ला इंग्रजी घेतलं, निबंधाला बक्षीस मिळवलं, आणि पुढं बक्षीस मिळवणाऱ्या मुलींचं जे होतं तेच तिचं झालं. लग्न, मुलगी, सासूचं दुखणं. मुलगी दीपश्री शाळेत जायला लागल्यावर बाईंनी हुबळीला गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात टायपिंगची नोकरी धरली. तिथं वाफेच्या आणि पाण्याच्या पाइपांवर बसणारे व्हॉल्व्ह तयार होत. माल आधी देशातच जायचा. मग मालक गणपतरावांनी परदेशाची वाट धरली आणि पत्रं लिहायला एक मॅनेजर ठेवला.

हा मॅनेजर म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांचं दुकानच. व्हिएतनाममधल्या एका कागद गिरणीच्या खरेदी खात्यात थुय नावाची बाई होती. किंमत कळवून झाल्यावर यानं तिला लिहिलं, ‘नाऊ द बॉल इज इन युअर कोर्ट.’ चार दिवसांनी थुयचं काळजीनं भरलेलं उत्तर आलं. आम्ही गेट व्हॉल्व्ह मागितले होते, बॉल व्हॉल्व्ह मागितला नाही. तो कोणत्या साइजचा आहे? आणि कोर्टात का आहे?

कारखाना हसला. इंदुमतीबाईही हसल्या, पण घरी जाताना बसमध्ये त्यांना हसण्याची लाज वाटली. बिचारी समुद्रापलीकडे शब्दकोश घेऊन बसली असेल, शब्द न् शब्द शोधला असेल, आणि एवढं करून तिच्या पदरात काय पडलं, तर चेंडू! दुसऱ्या दिवशी त्यांनी गणपतरावांना म्हटलं, “अण्णा, त्या बाईंना मी लिहून बघू काय?” गणपतराव म्हणाले, “बघा की. बिघडायचं ते बिघडलंय आधीच.”

तेव्हापासून परदेशची सगळी पत्रं बाईंकडे आली. आणि बक्षीस मिळालेलं इंग्रजी त्यांनी स्वतःच्या हातानं सोलून काढलं. वाक्य लिहायचं, मग तेच मनात मराठीत म्हणायचं, मग कन्नडात. दोन्हीकडे एकच अर्थ निघाला तर ठेवायचं, नाहीतर मोडून दोन करायची. एका मेलमध्ये एकच विषय. एका वस्तूला पहिल्या ओळीत जो शब्द, तोच शेवटच्या ओळीत. शोभेसाठी दुसरा नाही. तारीख लिहिताना महिना अक्षरांत, कारण आकड्यांत लिहिला तर कुणी जून वाचतो, कुणी मे. ‘लवकरच’ नाही, ‘प्रयत्न करू’ नाही. कोण करणार आणि कोणत्या दिवशी, तेवढं. ‘तुम्हाला हे नको ना?’ असं तर कधीच विचारायचं नाही, कारण त्याला आलेलं ‘हो’ कुठल्या बाजूचं ते देवालाही कळत नाही.

मॅनेजर म्हणाला, हे तर चौथीच्या मुलाचं इंग्रजी. म्हणेना का! दुसऱ्याला समजलं तर आपला मोठेपणा काय राहिला, असं मानणारी माणसं जगात कमी नाहीत, आणि त्यातली निम्मी आपल्याकडेच खुर्च्यांवर बसलेली आहेत. थुयचे मेल मात्र हळूहळू बदलले. तीही लहान वाक्यं लिहू लागली. एकदा तिनं लिहिलं, ‘तुमचा मेल मी एकदाच वाचते. इतरांचे तीन वेळा.’ बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. निबंधाचं बक्षीस त्यांनी घरात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं होतं. हे दाखवायचं राहिलं, कारण कारखान्यात ते कुणाला कळलंच नसतं.

गणपतराव गेले आणि मुलगा निखिल खुर्चीवर बसला. त्याला बाईंनी शाळेच्या दप्तरासकट पाहिलेला, तरी आता त्या त्याला ‘तुम्ही’ म्हणत आणि तो त्यांना ‘अक्का’. मुलगा वाईट नव्हता. वाईट नसलेलीच माणसं जास्त गोत्यात आणतात. वाईटापासून निदान आपण जपून राहतो.

यंदा थुयनं मोठी ऑर्डर दिली. तिची गिरणी वर्षातून एकदाच, एप्रिलच्या सुरुवातीला, दुरुस्तीसाठी बंद राहते. जुने व्हॉल्व्ह काढून नवे बसवायचे ते त्याच दिवसांत. माल उशिरा पोचला तर पुढचं वर्ष जुन्यांवरच काढायचं. हे तिनं पहिल्याच मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, आणि निखिलनं ते वाचलंही होतं.

फेब्रुवारीत टेस्टिंग खात्याचा भीमसेन हात पुसत ऑफिसात आला. “अक्का, कास्टिंग दगा दिलं बघा. पाण्याचं प्रेशर दिलं की बॉडी घाम फोडायलीय. निम्म्याच्या वर गेले.” ओतीव लोखंडात बारीक भोकं राहिली होती. ते जोडून, रंगवून भागणारं नव्हतं. फाउंड्रीतून नवी कास्टिंगं यायची, मग घासणं, जोडणं, पुन्हा पाण्याची चाचणी. भीमसेननं बोटं मोजली आणि मार्च संपेल म्हणाला. त्यापुढं जहाजाचा प्रवास वेगळाच.

त्याच आठवड्यात थुयचा मेल आला. ‘आमच्या देशातला एक पुरवठादार तयार माल देतो. तो महाग आहे. मला शुक्रवारपर्यंत ठरवायचं आहे. माझा एक प्रश्न आहे. सगळे व्हॉल्व्ह चाचणी होऊन तयार आहेत का? कृपया हो किंवा नाही लिहा.’

बाई मेल घेऊन निखिलकडे गेल्या. “नाही म्हणून कळवते. निम्म्याहून कमी तयार आहेत, तेवढे पाठवू का, विचारते.”

“अक्का, नाही म्हटलं की ऑर्डर गेली. आणि ती बाई पुन्हा येणार नाही. फाउंड्रीवाला आठ दिवसांत देतो म्हणतोय. लिहा, काम शेवटच्या टप्प्यात आहे.”

“तिला टप्पा चालत नाही. हो की नाही विचारलंय तिनं.”

“मग हो लिहा.”

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, हे तर बाईंनीच थुयला शिकवलं होतं. आता लपवायचं म्हटलं, तर लपवायला जागाच उरली नव्हती.

“हे मी लिहिणार नाही,” त्या म्हणाल्या.

निखिल ओरडला नाही. थकल्यासारखा म्हणाला, “ठीक आहे. मी लिहितो. तुमच्याच आयडीवरून जाईल, कारण ती तुमचंच मानते.” आणि बाईंच्या टेबलाशी येऊन त्यानं कीबोर्ड ओढून टायपायला सुरुवात केली. बाई मागं उभ्या राहून वाचत होत्या. तयार माल, पूर्ण झालेला माल, रेडी गुड्स; एका ओळीत तीन नावं. तारीख आकड्यांत. वर ‘डू द नीडफुल’. खाली बाईंचं नाव.

आणि इथं इंदुमतीबाईंनी जे केलं ते ऐकून हसू येईल, पण हसू नका. त्या म्हणाल्या, “सरका. असलं माझ्या नावानं जायला नको.” खोट्यासाठी त्यांचा जीव तुटला नाही, तो वाक्यासाठी तुटला. खोटं जायचंच आहे तर निदान स्वच्छ जावं, असं त्या क्षणी त्यांना खरोखर वाटलं. त्यांनी बसून लिहिलं, ‘हो. सगळे व्हॉल्व्ह तयार आहेत. सगळ्यांची चाचणी झाली आहे. ते आमच्या कारखान्यातून ३ मार्चला निघतील.’ मार्च अक्षरांत. मनात मराठीत म्हणून पाहिलं, कन्नडात म्हणून पाहिलं. दोन्हीकडे अर्थ एकच निघाला. मेल गेला.

थुयचं उत्तर तासाभरात आलं. ‘धन्यवाद. तुम्ही लिहिलं, म्हणून मी दुसऱ्या पुरवठादाराला नकार कळवला.’

फाउंड्रीवाल्याचे आठ दिवस फाउंड्रीवाल्याचेच असतात. ३ मार्च गेला. थुयनं विचारलं, निखिलनं जहाजाचं निमित्त सांगायला लावलं. बाईंनी तेही लिहिलं. एकदा पदर जळाला की बाई निरी कशाला सांभाळेल? माल गोकुळ रोडवरून निघाला तेव्हा तिकडं गिरणीची दुरुस्ती सुरूही झाली होती.

मग बरेच दिवस काही नाही. बाई रोज सकाळी सगळ्यात आधी तिचंच नाव शोधत आणि नसलं की बरं वाटून घेत. दीपश्रीचा बेंगळुरूहून फोन आला, “आई, आवाज का असा?” तर म्हणाल्या, “घसा बसलाय.”

एप्रिल संपता संपता मेल आला.

‘गिरणी पुन्हा सुरू झाली. जुने व्हॉल्व्ह तसेच आहेत. मी साहेबांना सांगितलं होतं की इंदुमती जे लिहिते ते असतं. आता खरेदीचं काम माझ्याकडे नाही. मी भांडायला लिहीत नाही. माझा एक प्रश्न आहे. तुम्ही हो लिहिलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का? कृपया हो किंवा नाही लिहा.’

निखिलनं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. “लेखी काही कबूल करायचं नाही, अक्का. वकील तेच सांगतील. पण उत्तर तर द्यायला पाहिजे. काहीतरी द्या की असं... धरता येणार नाही असं.”

या वेळी त्यांनी त्याला कीबोर्डला हात लावू दिला नाही. काय केल्यानं माणसाला कळतं, हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याला काय केल्यानं कळत नाही हेही तितकंच ठाऊक असतं. बाईंनी दार लोटलं आणि शिरस्तेदारांची लेक लिहायला बसली. कर्ता नसलेली वाक्यं. ‘असं समजण्यात आलं होतं’, ‘अपरिहार्य परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर’. एकाच मालाला चार नावं. नकारात नकार गुंफलेला. वाक्प्रचार तर असे, की शब्दकोशातला एकेक शब्द सापडावा आणि सगळे मिळून काहीच सापडू नये. पंचवीस वर्षांत इतकं डौलदार इंग्रजी त्यांच्या हातून उतरलं नव्हतं. संपूर्ण पान झालं, आणि त्यात हो नव्हतं, नाहीही नव्हतं.

निखिल वाचून म्हणाला, “अक्का, तुम्हाला असलंही येतं? एवढी वर्षं मला वाटत होतं...” पुढचं त्यानं गिळलं.

बाईंनी मेल पाठवला. घरी येऊन जेवल्या नाहीत. त्यांना दिसत होतं, ती शब्दकोश उघडून बसलीय, वाक्य तीन वेळा वाचतेय, पुन्हा पहिल्यापासून.

पण थुयनं शब्दकोश उघडला नसावा. दुसऱ्या दिवशी बाईंनी कॉम्प्युटर लावला तर उत्तर आलेलंच होतं.

‘तुमचा मेल मिळाला. तो लांब आहे. मला उत्तर समजलं.’