मेलेल्या बाईच्या नावावर बाहत्तरशे

माझी बायको वारली, आणि महिना-दोन महिन्यांत आमच्या गावच्या दूध डेअरीनं तिचं नाव थकबाकीदारांच्या यादीत लावलं. लावलं तेही कुठं, तर दूध घालायच्या खिडकीशेजारी, जिथं सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन उभं असतं. सरकी पेंडीची उधारी, सात हजार दोनशे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेवढं वाचायला पुरलं.

मी किटली तिथंच ठेवली आणि आत गेलो. सचिव खुर्चीवर मोबाइल बघत बसला होता. पोरगा गावातलाच, मला मामा म्हणतो, तिला मामी म्हणायचा. त्याला म्हटलं, तिनं आयुष्यात कुणाची काडी ठेवली नाही, हे काय लावलंय? तो म्हणाला, "मामा, मी थोडंच लिवलंय, वहीत हाय ते लावलं. चार पोती पेंड नेली मामीनं."

चार पोती. आमच्या दोन म्हशी. पोतं घरी आणलं की ते मी गाडीवरून उतरवायचो. दोन उतरवली, माझ्या पाठीला आजून ठाऊक आहे.

ज्यांना डेअरीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेअरी आमचं दूध घेते, त्याचं बिल दर दहा दिवसाला देते. म्हणजे डेअरी आमचं देणं लागते. तीच डेअरी आम्हाला पेंड उधार देते, म्हणजे आम्ही तिचं देणं लागतो. मग पेंडीचे पैसे दुधाच्या बिलातून कापून घेतात. रोख हातात येत नाही, नुसता आकडा इकडून तिकडे जातो. तिची दोन पोत्यांची कपात झाली होती, छत्तीसशे. त्या दिवशी बिल अगदी थोडं हातात पडलं म्हणून ती चिडली होती, ते मला चांगलं आठवतं.

घरी येऊन मी कपातीच्या स्लिपा शोधल्या. तिनं डब्यात जपून ठेवल्या होत्या. पण मशीनमधून निघतो तो कागद काही दिवसांत पांढरा पडतो. डबाभर स्लिपा, एकीवरही अक्षर नाही. तशाच नेऊन टेबलावर ठेवल्या. सचिव हसला, म्हणाला, "मामा, कोरा कागद दाखवायलाव."

त्या हसण्याचा मला जो राग आला तो आजून आहे. त्या दिवसांत म्हशी मला पान्हा सोडत नव्हत्या. तिच्या हाताची सवय. मी तिचं जुनं लुगडं अंगावर घेऊन धार काढायला बसत होतो, तेव्हा कुठं थोडं दूध उतरायचं. त्या दुधाची किटली घेऊन रांगेत उभं राहायचं आणि समोर तिचं नाव. मागं बाया कुजबुजायच्या. तिच्याबरोबर वर्षानुवर्षं रांगेत उभ्या राहिलेल्याच बाया.

चेअरमनकडं गेलो. ते म्हणाले, आबा, परभणीहून हिशोब तपासायला बाई येणार आहेत, तेव्हा बघू. मी म्हटलं, मी बसणार तिथं. ते म्हणाले, बसा की.

बाई आल्या. चाळिशीच्या, चष्मा, बोलायला सरळ. मी दारापाशी बसलो. त्यांनी वह्या मागवल्या. एक वही पेंडीच्या उधारीची, त्यात प्रत्येक सभासदाचं वेगळं पान. दुसरी दुधाच्या देण्याची, तशीच पानापानाची. आणि या दोन्हींवर एकेक एकूण खातं. हे एकूण खातं माणसांच्या पानांवरून लिहीत नाहीत, ही खरी मेख. ते थेट विक्रीच्या आणि कपातीच्या पत्रकांच्या बेरजांवरून लिहितात. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्याला यायचं. आले तर ठीक, नाही आले तर कुठंतरी चुकलं.

बाईंनी दुधाचं आधी बघितलं. सगळ्या पानांची बाकी आणि एकूण खातं, दोन्ही सारखं. मग पेंडीचं. तेही जुळलं. सचिव माझ्याकडं बघून भुवया उडवायला लागला.

पण बाईंनी पेंडीच्या एकूण खात्यात एका ओळीवर बोट ठेवलं. नावे बाजूला, म्हणजे येणं लिहितात तिथं: हिशोबातील फरक, सात हजार दोनशे. त्यांनी विचारलं, याचं पत्रक कुठंय?

सचिव हळूच म्हणाला, वर्षाअखेर पानांची बेरीज तेवढ्यानं जास्त भरायली होती, मार्च संपत आला होता, म्हणून जुळवून घेतलं.

जुळवून घेतलं! चूक आहे असं खातं स्वतः सांगत होतं, आणि यानं चूक शोधायची सोडून त्या खात्याचंच तोंड दाबलं. वर तोच आकडा माझ्या बायकोच्या नावानं भिंतीला चिकटवला. दोन्ही आकडे एकच आहेत, हेसुद्धा त्याच्या डोक्यात आलं नाही.

मी मधे बोललो. म्हटलं, बाई, दुसऱ्या कुणाची पोती तिच्या पानावर चढली असतील. त्या नाही म्हणाल्या. "आजोबा, एकाचं दुसऱ्याच्या पानावर गेलं असतं तर बेरीज बिघडलीच नसती. तसली चूक या खात्यात सापडत नाही. ही बेरीज बिघडलीय."

मग त्यांनी ती ओळ बाजूला काढली आणि आकडा निम्मा केला. छत्तीसशे. म्हणाल्या, जमा बाजूला लिहायचं ते नावे बाजूला गेलं की फरक दुप्पट पडतो. आणि दुधाची वही जुळतेय म्हणजे तिकडची कपात बरोबर आहे, चूक पेंडीच्याच पानात असणार. कपातीच्या पत्रकात छत्तीसशे कुणाचे ते बघा.

सचिवानं पत्रक चाळलं. एकच नाव निघालं. त्यानं वाचलं नाही, तसंच बाईंपुढं सरकवलं. मग तिचं पान उघडलं. दोन पोती, नावे छत्तीसशे. खाली दुधातून कपात, तेही नावेच, छत्तीसशे. फेडलेले पैसे यानं परत उधारीत धरले होते. तिच्याकडं एक रुपया येणं नव्हतं.

बाईंनी लाल शाईनं दुरुस्तीची नोंद सांगितली आणि पुढच्या वहीला लागल्या. त्यांचं काम ते. चेअरमन म्हणाले, "झालं मग आबा. यादी काढून टाकतो. चहा घ्या."

मी म्हटलं, यादी काढून काय होतंय? वाचणाऱ्यांनी वाचली. त्यांना काय कळणार, चूक होती का मी गुपचूप पैसे भरले? आता तिथंच लिहून लावा.

सचिवानं कागद घेतला, खरडलं आणि मला दाखवलं. पेंड उधारीतील तांत्रिक चूक दुरुस्त केली आहे. एवढंच. मी तो कागद त्याच्यासमोर फाडला.

"नाव लिही तिचं. यादीत लिवताना हात आखडला न्हाई तुझा."

तो म्हणाला, मामा, सगळ्या गावासमोर आमची लाज काढायलाव. मी म्हटलं, तुझी लाज जित्या माणसाची आहे, तू ती उद्या धुऊन काढशील. ती कुठून येणार बोलायला?

चेअरमननी मान हलवली, तेव्हा त्यानं दुसरा कागद घेतला. तिचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. यांच्याकडे डेअरीचे कोणतेही येणे नाही, कपात झालेली रक्कम आमच्याकडून चुकीने उधारीत लिहिली गेली. खाली सही. मी तो दोनदा वाचला आणि मगच खिडकीशेजारी लावू दिला.

संध्याकाळी रांगेत पुढच्या बाईनं वाचलं आणि मागचीला सांगितलं. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. एकीनं नुसती माझी किटली उचलून पुढं ठेवली. मी तिलाही काही बोललो नाही. महिनाभर कुजबुजली होती ती.