माफीच्या ईमेलातला वाघ

पोंभुर्ण्यात आजही सांगितले जाते की पुण्याच्या दुकानदारबाईंना गेलेला माफीचा ईमेल आमच्या बांबू केंद्राच्या व्यवस्थापकांनी लिहिला. हे साफ खोटे आहे. त्यांनी वाघ लिहिला. ईमेल मी लिहिला.

दिवाळीसाठी दोनशे परड्या सोमवारी पुण्यात पोचायच्या होत्या. सोमवार उलटला तेव्हा निम्म्याच तयार होत्या. उरलेल्यांच्या कामट्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, कीड लागू नये म्हणून औषधी पाण्यातून काढल्या, पण पाऊस लांबल्याने त्या वाळल्याच नाहीत. ओल्या कामटीच्या परडीला आठ दिवसांत बुरशी धरते, म्हणून मुख्य कारागीर या नात्याने मीच विणकाम थांबवले. त्या निर्णयासाठी मी आजही भांडायला तयार आहे.

मंगळवारी बाईंनी कळवले की आज समाधानकारक उत्तर न आल्यास ऑर्डर रद्द, आणि पुढे व्यवहार नाही. आमच्या बारा बायांचे काम त्या एका दुकानावर चालत होते. व्यवस्थापकांनी तत्काळ मसुदा रचला: वाटेवर वाघ बसल्याने मजूर बांबू आणू शकले नाहीत, अपरिहार्य विलंबाबद्दल दिलगीर आहोत. वास्तविक बांबू महिनाभरापूर्वीच आवारात येऊन पडला होता. पण शहरातला माणूस आमच्या वाघाविषयी काहीही खरे मानतो, अशी त्यांची श्रद्धा.

संगणकावर बसलेल्या केंद्राच्या सचिवबाई मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, मागच्या वर्षी बी वाघच लिहला होता. याच बाईले."

मग मी सांगू लागलो आणि त्या लिहू लागल्या. मुदत आम्ही चुकवली. तुमच्या दुकानातली फडताळे ऐन सणाच्या तोंडावर रिकामी राहिली, याची आम्हाला जाणीव आहे. तयार शंभर परड्या आजच निघतील. उरलेल्या कामट्या भट्टी लावून तिच्या उबेवर वाळवून पुढच्या मंगळवारपर्यंत माल पोचवू. त्यातल्या ज्या परड्या नको असतील त्या नाकारण्याचा हक्क तुमचा. रोज सायंकाळी कामाचा फोटो येईल.

"सोमवारच्या आधी काऊन नाई कळवलं, हे बाई विचारनच," सचिवबाई म्हणाल्या. "काय लिहू?"

आठ दिवसांपूर्वी त्या कळवायला निघाल्या होत्या. काम पुरे झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचे नाही, ही आम्हा कारागिरांची रीत. मीच त्यांना गप्प बसवले होते.

"वाघच राहू द्या," व्यवस्थापक म्हणाले.

"लिहा," मी म्हणालो. "आठ दिवस आधीच माहीत होतं. मुख्य कारागिरानं कळवू दिलं नाई. आता अडचण आली का त्याच दिवशी कळवू."

हे वाक्य सचिवबाईंनी माझ्याकडून वदवून घेतले, अशी दुसरी अफवा आहे. त्यांनी फक्त विचारले.

संध्याकाळी बाईंचे उत्तर आले: "शंभर पाठवा. उरलेल्या मंगळवारपर्यंत चालतील. फोटो रोज हवा. यंदा वाघ नाही, म्हणून विश्वास ठेवते."

व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचले. आपला मसुदा अधिक परिणामकारक होता, असे त्यांचे मत अजूनही आहे.