दमयंतीवयनीची मुदतवाढ

दमयंतीवयनी म्हणजे माझी मोठी भावजय. तिला मोडी वाचता येतं. मुंबईच्या एका संग्रहालयानं प्रदर्शनासाठी तिला जुन्या पत्रांचे फोटो पाठवले होते. १९२८ ते १९३४ सालांत अंजनवेलच्या एका तांडेलानं, म्हणजे गलबताच्या कप्तानानं, मालकाला लिहिलेली पत्रं. ती देवनागरीत उतरवायची आणि तिथींच्या इंग्रजी तारखा काढायच्या. तीन गठ्ठे, मुदत पंधरा नोव्हेंबर. दादा गेल्यावर वयनी या कामानंच माणसांत आली होती.

बारा तारखेला ती माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली ती पांढरीफटक पडूनच.

"भावजी, घात झाला." दुसऱ्या गठ्ठ्यातल्या एका पत्रात तांडेलानं लिहिलं होतं, यंदा अधिक आषाढ आल्यानं नारळीपौर्णिमा लांबली, गलबत उशिरा काढू. साल १९३१. त्या सालचं पंचांग न मिळाल्यानं वयनीनं आदल्या सालावरून हिशेब मांडला होता. श्रावणापासून फाल्गुनापर्यंतची प्रत्येक तारीख महिनाभर आधीची पडली. त्यातल्या चौसष्ट तर पहिल्या गठ्ठ्यातून संग्रहालयाला गेल्यासुद्धा.

चूक कळवून मुदत वाढवून मागायची म्हणाली. मी म्हटलं, "तेचा कशाला बोलताव? लाईट नव्हती, नेट नव्हता म्हणून लिवूया. कोकणातली लाईट, कोण इचारतंय!"

"लाईट होती."

मला रागच आला. ही बाई स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार, आणि टाईप करणार मी! तरी बसलो. ती संग्रहालयाच्या बाईंना ईमेल सांगत गेली:

'विषय: मुदतवाढीची विनंती.
मा. बोरकर मॅडम, पहिल्या गठ्ठ्यात १९३१-३२ च्या चौसष्ट तारखा माझ्या चुकीमुळे एक महिना आधीच्या पडल्या आहेत. मी अधिक महिना धरला नव्हता. कृपया त्या छापू नयेत. दुरुस्ती आणि फेरतपासणीसाठी पंधरा दिवस हवेत. दुरुस्त तारखा वीस नोव्हेंबरला, दुसरा गठ्ठा पंचवीसला, तिसरा तीसला देईन. झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागते.
दमयंती खडपे.'

पाठवायचं बटण तिनं स्वतः दाबलं. मग तिथंच स्टुलावर बसून राहिली. दर पाच मिनिटांनी विचारायची, "आलं?" मी चहा मागवला, त्याला तिनं हात लावला नाही. "हे काम गेलं तर घरात करू काय मी दिवसभर?" असं एकदा म्हणाली.

चार वाजता उत्तर आलं. बोरकरबाईंनी छापखान्याला फोन करून प्रदर्शनाच्या पाट्या थांबवल्या होत्या. वेळीच कळवल्याबद्दल आभार मानले होते. वीस आणि पंचवीस मंजूर. पण प्रदर्शन पुढं ढकलता येत नाही, म्हणून तिसरा गठ्ठा पुण्याच्या एका मोडी वाचकाकडे दिला होता.

"बगा! लाईट लिवली असती तर..." मी ओरडलोच. वयनी पदर तोंडाला लावून रडत होती.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "उत्तर लिहा. वीस, पंचवीस कबूल. आणि पुण्याच्या त्या माणसाला माझा नंबर द्या म्हणावं. तांडेलाचं अक्षर लागायला महिना जातो, तेवढा वेळ नाहीये त्याच्याकडे."